बावन्न मिनिटांच्या गप्पा वाचण्याजोग्या करताना

संत्र्याच्या डिंक्या रोगावरचा आमच्या पॉडकास्टचा भाग जानेवारीत आला आणि आठवड्याभरातच गावातल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली, "हे लिहून भेटंल काय?" विचारणं रास्त होतं. वरुड तालुक्यातल्या आमच्या शिवारात नेटवर्क बांधावर एक काडी असतं नि बागेत शिरलं की तेही जातं. शिवाय डिंक्यावरच्या लेपात मोरचूद किती नि चुना किती, हे ऐकण्यासाठी चिखलाच्या हातांनी कोणी बावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग मागे-पुढे करणार नाही. त्याला एक पान हवं असतं, ज्यात हवं ते पटकन सापडेल.

मला वाटलं होतं, कोणाकडून तरी टाइप करून घेऊ, वर मथळा टाकू, झालं. प्रत्यक्षात पान वर जायला एप्रिल उजाडला. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

रेकॉर्डिंग 12 जानेवारीचं, काकांच्या ओसरीवरचं. काका आमचे शेजारी, पस्तीसेक वर्षं संत्र्यात घालवलेली. माईक एकच, तो माझ्या नि काकांच्या मध्ये ठेवलेला. काकू आत स्वयंपाकघरात होत्या आणि तिथूनच मध्ये-मध्ये बोलत होत्या. ही बैठकीची रचना पुढे फार नडणार होती.

टायपिंग तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे दिलं. रेकॉर्डिंगच्या दर मिनिटाला 25 रुपये, म्हणजे 1,300 रुपये. निम्मे आगाऊ द्यावे लागतात, पावती मागितली तरच मिळते. आठ दिवसांत देतो म्हणाले, पण फेब्रुवारीत परीक्षांचं काम नि लग्नपत्रिका दोन्ही एकदम येतात, त्यामुळे फाइल हातात पडली ती महिनाअखेरीला. साडेसहा हजारांच्या आसपास शब्द होते. मिनिटाला सव्वाशे शब्द धरा, अंदाज चुकत नाही.

फाइल उघडली तर दुकानात छान मराठी दिसत होती आणि माझ्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरं. जिथे "काका" असायला हवं तिथे `dkdk`, "किलो"च्या जागी `fdyks`. डीटीपीच्या दुकानांत अजून जुने फॉन्ट चालतात, कृतीदेवसारखे. त्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसेल तर रूप गेलं. छापायला हे चालतं, वेबपानावर चालत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात आणि नव्वद टक्के काम नीट करतात. उरलेलं मात्र डोळ्यांनी शोधावं लागतं. या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते नि रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळे बदलताना हीच दोन चिन्हं भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाला "बोर्डो" म्हणतात, त्याचं जिथे-तिथे "बोडोर्" झालं होतं. म्हणून टायपिंगला देतानाच "युनिकोडमध्ये पाहिजे" हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दुकानात कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग सगळं छापून घेतलं. 22 पानं, पानाला 3 रुपये. पडद्यावर एवढा मजकूर वाचताना डोळा पुढे सरकतो नि चूक मागे राहते. कागदावर पेन घेऊन, कानात रेकॉर्डिंग लावून बसायचं, हे मी आधीच ठरवलं होतं, आणि ते केलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

पहिल्याच पानांवर एक गोष्ट खटकली. टायपिस्टने तीन लेबलं लावली होती: "मुलाखतकार", "शेतकरी" आणि "मागून आवाज". मुलाखतकार मी. माझं बोलणं स्वच्छ पुस्तकी मराठीत उतरलेलं, "आपण लेप कधी लावता?" असं. शेतकरी मात्र "लेप मिरगाच्या आंधी लावाचा बापा" असं बोलत होता. रेकॉर्डिंगमध्ये मी विचारलं होतं, "काका, लेप कधी लावता तुमी?" दोघंही वऱ्हाडीतच बोलत होतो. टायपिस्टने विचारणाऱ्याला शिकलेली नि सांगणाऱ्याला खेडवळ करून टाकलं होतं, आणि त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. प्रश्न छोटे असतात, ते आपोआप पुस्तकी वळणाने टाइप होतात. उत्तरं लांब नि वेगात येतात, ती जशी ऐकू येतात तशी. म्हणून आधी माझी वाक्यं मूळ बोलण्यावर परत आणली, मग काकांच्या वाक्यांना हात लावला.

लेबलांचा निर्णय त्यानंतर. "शेतकरी" हे लेबल मला नको होतं, कारण शेतकरी तर मीही आहे. वर ओळखीच्या दोन ओळींत त्यांचं पूर्ण नाव, गाव, बाग किती झाडांची हे दिलं आणि पुढे "काका". माझं "मी". आणि "मागून आवाज" म्हणजे काकू. तो आवाज मी एकेक करून ऐकला, तर काही वाक्यं टायपिस्टने काकांच्या नावावर टाकली होती. त्यातलं एक सगळ्यात कामाचं होतं. चुना पुरेसा पडला की नाही हे कसं ओळखायचं, यावर काका नुसते "अंदाजानं कळते" म्हणून मोकळे झाले होते. आतून आवाज आला होता, "अंदाजानं काहून? इळा बुडवून पाहाचा. तांबडा झाला तं चुना कमी पडला." लोखंडी विळ्यावर मोरचुदातलं मोकळं तांबं चढतं नि तो तांबूस दिसतो, म्हणजे मोरचूद अजून पुरतं चुन्यात बांधलं गेलेलं नाही, ते झाडाची साल भाजू शकतं. ही परीक्षा काकूंची होती, कारण लेप कालवायचं काम वर्षानुवर्षं त्याच करतात. कोण काय बोललं याबद्दल शंका असेल तिथे अंदाजाने नाव टाकू नका, पानाच्या कडेला वेळ लिहा आणि परत ऐका.

असंच एका अक्षरावर अडलं. मी विचारलं होतं, "लोखंडाच्या बादलीत चालते काय?" कागदावर काकांचं उत्तर होतं "हं." रेकॉर्डिंगमध्ये ते "अंहं" होतं, आपण मान हलवत म्हणतो तसं. टाइप करणाऱ्याला पहिला स्वर ऐकू आला नाही आणि "नाही"चं "हो" झालं. मोरचूद लोखंडाला खातं आणि स्वतःही निकामी होतं, त्यामुळे हे उत्तर उलटं छापलं गेलं असतं तर वाचणाऱ्याचा आख्खा लेप वाया. एका शब्दाची जेवढी उत्तरं आहेत तेवढी सगळी कानाने तपासा. लांब उत्तरात चूक झाली तर वाक्य स्वतःच बोंब मारतं. "हं" गप्प बसतं.

आता काटछाट. बोलताना मी सारखी "हो", "बरं", "अस्सं" करत होते आणि टायपिस्टने दर "बरं"ला नवी ओळ दिली होती. त्यामुळे काकांचं एक सलग उत्तर नऊ तुकड्यांत विखुरलेलं. माझे हुंकार काढून त्यांचं बोलणं जोडलं, एवढ्यानेच चार पानं कमी झाली. काकांचे "म्हणजे कसं", "आता हे पाहा", अर्धवट सोडलेली वाक्यं, हेही बहुतेक गेलं. एक उतारा पूर्ण दाखवते. मूळ असं होतं:

"हो, तं ते, म्हणजे कसं, आता हे पाहा, चुना, कळीचा चुना घ्याचा, भुकटीचा नाही, अन् तो रात्री, नाही, सकाळी, सकाळी भिजू घालाचा, मोरचूद वेगळं, मोरचूद पलास्टिकच्या बादलीत, एक किलो अन् एक किलो अन् पाणी दहा, अन् मंग ते इथपर्यंत लावाचं."

पानावर गेलं ते असं:

"कळीचा चुना घ्याचा, भुकटीचा नाही. तो सकाळी भिजू घालाचा. मोरचूद वेगळं, प्लास्टिकच्या बादलीत. एक किलो [मोरचूद] अन् एक किलो [चुना] अन् पाणी दहा [लिटर]. मंग ते इथपर्यंत [कमरेजवळ हात धरून दाखवतात] लावाचं."

"रात्री, नाही, सकाळी" यातलं "रात्री" काढलं, कारण त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं होतं. जे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत पण ज्यांच्याशिवाय कागदावर अर्थ लागत नाही, ते चौकटी कंसात. "इथपर्यंत" ओसरीवर सगळ्यांना दिसत होतं, वाचणाऱ्याला दिसत नाही. सगळ्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये "इथं", "असं", "एवढं" हे शब्द शोधून काढा, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हात बोललेला असतो. कंस मात्र फार झाले तर वाचणारा ठेचकाळतो, म्हणून मापं नि जागा सोडून इतरत्र मी ते टाळले.

आणि "पलास्टिक"चं "प्लास्टिक" का केलं, पण "लावाचं"चं "लावायचं" का नाही? मी धरलेली रेघ अशी: जे वऱ्हाडीचं व्याकरण आहे, वऱ्हाडीचा शब्द आहे, तो ठेवायचा. "झाडाले", "काहून", "लावाचं", "मंग". पण जो शब्द सगळे लिहितात एकच नि बोलतात थोडा वेगळा, तो नेहमीच्या स्पेलिंगने लिहायचा. मुंबई-पुण्याचा माणूस बोलतानाही प्रत्येक अक्षर पुस्तकातलं उच्चारत नाही, त्याचं कोणी तसं टाइप करत नाही.

मार्चच्या मध्यावर हा कच्चा मजकूर घेऊन काकांकडे गेले. आंबिया बहाराची फुलं फळात बसत होती, पाण्याच्या पाळ्या चालू, त्यामुळे ते संध्याकाळीच भेटत. वाचून दाखवायला लागले तर दुसऱ्याच उत्तरावर म्हणाले, "हे असंच ठेवतं काय? लोक म्हणतीन, पाहा कसा अडाणी बोलते." मला अपेक्षित नव्हतं. मी माझे प्रश्न दाखवले, तेही तसेच वऱ्हाडीत. ते थोडा वेळ गप्प बसले नि म्हणाले, "तुवा बी तसंच ठेवलं, मंग राहू दे." माझे प्रश्न पुस्तकी राहिले असते तर त्यांचं म्हणणं खरंच होतं.

काकूंचा आक्षेप उलटा. "माह्यं नाव कायले टाकतं वं? मी कुठं मुलाखत देल्ली?" त्यांनी परवानगी दिलीच नव्हती, त्या आपल्या घरात बोलत होत्या. मी विळ्याचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं की हे काकांच्या नावावर टाकू का. "त्याईच्या कायले? त्याईले मोरचूद कुठं ठेवलं ते तं माहीत नसते." एका साध्या कागदावर दोघांची सही घेतली: मजकूर वाचून दाखवला, नाव देण्यास हरकत नाही, तारीख. कोणी मागत नाही हा कागद, पण ज्याचा आवाज चुकून आत आला त्याला तर विचारायलाच हवं.

मापांची खात्री हा वेगळा अध्याय. बोललेलं माप ऐकून विसरलं जातं, छापलेलं माप लोक करून पाहतात. म्हणून लेपाचा भाग कोणा माहितगाराने बघावा असं वाटलं. कृषी कार्यालयात गेले तर तोंडी नाही, लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला, दुसऱ्या प्रतीवरही घेतला. मार्चअखेरीची गडबड, उत्तर काही आलं नाही. शेवटी ओळखीच्या एका कृषी सहायकांनी बांधावर उभ्याने ती दोन पानं वाचली आणि एका ठिकाणी पेन टेकवला.

झालं होतं असं. सोळाव्या मिनिटाला काकांनी "एक, एक नि दहा" सांगितलं होतं आणि एकतिसाव्या मिनिटाला "एक, एक नि शंभर". दोन्ही बरोबर. पहिलं खोडाला लावायच्या बोर्डो लेपाचं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दुसरं फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाचं, तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी. ऐकताना मध्ये पंधरा मिनिटं होती, तोवर विषय बदलला होता. मी हुंकार नि फापटपसारा काढल्यावर ही दोन मापं कागदावर दोन परिच्छेदांच्या अंतरावर आली, आणि वाचणाऱ्याला वाटणार की एक आकडा चुकलाय.

उपशीर्षकांचं काम काय असतं हे मला इथे कळलं. तोवर मी ती नुसती श्वास घ्यायला जागा म्हणून टाकत होते, दर पाच-सहा उत्तरांनंतर एक. ते सगळं पुसून टाकलं. छापील पानांवर प्रत्येक उत्तराच्या कडेला त्याचा विषय एका शब्दात लिहिला: डिंक, पाणी, लेप, लेप, भाव, फवारा, डिंक. विषय जिथे बदलतो तिथेच शीर्षक. मग मोठं शीर्षक "मोरचूद-चुना" आणि त्याच्या पोटात दोन लहान: "खोडाचा लेप, दहा लिटरचा" आणि "फवारा, शंभर लिटरचा". आकडे मुद्दाम शीर्षकातच घातले. शीर्षकं प्रमाण मराठीत ठेवली, ती माझी आहेत, काकांच्या तोंडची नाहीत. प्रत्येकाशेजारी रेकॉर्डिंगमधली वेळ दिली, म्हणजे ज्याला शंका आहे तो थेट तिथे जाऊन ऐकेल.

क्रम बदलायचा का? डिंक्या कसा ओळखायचा हे काकांनी सुरुवातीला थोडं आणि अगदी शेवटी निरोप घेताना सविस्तर सांगितलं: बुंध्याची साल तडकून डिंक पाझरतो, झाड पिवळं पडतं, पाणी साचणाऱ्या जागी जास्त. शेवटचं ते उत्तर मी प्रश्नासकट उचलून वर आणलं आणि पानाच्या सुरुवातीला लिहिलं की एक उत्तर वर घेतलं आहे, इतर क्रम मूळचा. पण भावाबद्दल काका चिडून बोलले होते, ते जागचं हलवलं नाही. ती चीड आधीच्या खर्चाच्या उत्तरातून आलेली होती. तिथून उचलली असती तर ते उगाच भांडखोर वाटले असते.

उरला मांडणीचा भाग, तो एका दुपारीत झाला. दोन रकान्यांचं कोष्टक करून पाहिलं, डावीकडे नाव नि उजवीकडे बोलणं. लॅपटॉपवर देखणं, मोबाइलवर उजवा रकाना बोटाएवढा. रंगांनी बोलणारे वेगळे दाखवणंही सोडलं, कारण लोक मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवतात किंवा काळी-पांढरी प्रत काढतात नि रंग जातो. ठळक नाव, पुढे कोलन, त्याच ओळीत बोलणं. ठळकपणा गेला तरी कोलन राहतो. उत्तर लांब असेल तर परिच्छेद पाडले, नाव फक्त पहिल्याला. पण एकाच माणसाच्या बोलण्यात मध्ये शीर्षक आलं, तर त्याखाली नाव परत लिहायचं, नाहीतर मोबाइलवर वरचं नाव सरकून गेलेलं असतं.

नावं हाताने ठळक करण्याऐवजी Notepad++ मध्ये शोधा-बदला वापरलं, त्यात `Regular expression` निवडून:

```
Find:    ^(मी|काका|काकू): (.+)$
Replace: <p><strong>\1:</strong> \2</p>
```

पहिल्या फेरीत काकांची जवळजवळ निम्मी उत्तरं तशीच राहिली. दिसायला सगळं सारखं होतं. टायपिस्टने कुठे कोलन टाकला होता नि कुठे विसर्ग, "काका:" आणि "काकाः". डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला कळतो. आधी `काकाः` शोधून `काका:` केलं, तसंच बाकी दोन नावांचं. सगळे विसर्ग एकदम बदलू नका, "दुःख" नि "स्वतः" बिघडतात. आणि शीर्षकं नुसती ठळक करू नका, एडिटरमध्ये खरी शीर्षकं निवडा, मोठ्याला `Heading 2`, पोटातल्याला `Heading 3`. डोळ्यांनी न वाचता आवाजाने मोबाइल वापरणारा माणूस एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो, ती फक्त खऱ्या शीर्षकांवर चालते.

साडेसहा हजार शब्दांचे अठ्ठावीसशे उरले. पान 9 एप्रिलला टाकलं, म्हणजे मिरगाच्या आधी लेप लावणाऱ्यांना वेळेत मिळालं. रोख खर्च टायपिंगचे 1,300 नि छपाईचे 66, वर एसटीचं भाडं. पुढचा भाग मृग बहाराच्या ताणावर आहे. या वेळी काकूंना समोर बसवणार आहे, आणि सुरुवातीला तिघांनी आपापलं नाव बोलून घ्यायचं ठरलंय, म्हणजे टाइप करणाऱ्याला आवाज ओळखता येईल. काकू म्हणतात, भाकरी झाल्यावरच बसीन.